सबटायटल असले की सगळं समजतं, काढले की काहीच नाही: सिनेमातून जर्मन ऐकताना येणारी अडचण

मावशीची पोरगी जीएनएम झाली आहे आणि जर्मनीत नर्स म्हणून जायच्या तयारीत आहे. ती यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहते. जर्मन भाषेची बी-वन पातळीची परीक्षा तोंडावर आली होती. दोन महिने रोज रात्री जेवणं आटोपली की ती मोबाइलवर एक जर्मन सिनेमा बघायची. कापसाच्या वेचणीचे दिवस होते, दिवसभर वावरात राबून येऊनही तिने खंड पाडला नाही. आणि एक दिवस फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "ताई, खाली ओळी दिसल्या का मले सारं समजते. बंद केल्या का एक अक्षर नाही समजत. दोन महिने काय केलं मी?"

मी स्वतः त्यापुढची बी-टू पातळी पार केली आहे आणि गेली काही वर्षं आजूबाजूच्या गावांतल्या पोरींचा ऐकण्याचा सराव घेते. ही तक्रार जवळपास प्रत्येकीची असते, आणि मेहनत कमी पडली म्हणून ती येत नाही. मेहनत डोळ्यांनी केलेली असते, कानांनी नाही, एवढंच. पण "सबटायटल बंद कर आणि ऐकत राहा" हा सल्ला बहुतेक जण देतात, तोही चुकीचा आहे. समजत नाही ते महिनाभर ऐकलं तरी समजायला लागत नाही, कंटाळा मात्र येतो. ओळी कधी लावायच्या, कुठल्या भाषेत लावायच्या आणि कधी काढायच्या हे ठरवावं लागतं. मी तिच्यासोबत ते कसं केलं ते क्रमाने सांगते.

आधी बघा, ओळी कुठल्या भाषेत आहेत

मी पहिला प्रश्न हाच विचारला. उत्तर आलं, इंग्रजी. म्हणजे दोन महिने ती जर्मन आवाज मागे चालू ठेवून इंग्रजी वाचत होती. आपल्याला नीट येणाऱ्या भाषेतला मजकूर समोर दिसला की डोळे तो आपोआप वाचतात, अर्थ तिथूनच मिळतो आणि कानाला काही कामच उरत नाही. सिनेमा संपल्यावर गोष्ट आठवते, जर्मन वाक्य एकही आठवत नाही. ही खूण ओळखायला सोपी आहे: बघून झालेल्या प्रसंगातलं एक तरी वाक्य मूळ भाषेत म्हणता येतं का, हे स्वतःला विचारा.

यावर २००९ मध्ये होल्गर मिटरर आणि जेम्स मॅक्वीन या दोन संशोधकांनी नेदरलँड्समध्ये एक सुरेख प्रयोग केला होता. डच विद्यार्थ्यांना स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन उच्चारातलं इंग्रजी सुमारे २५ मिनिटं दाखवलं. काहींना इंग्रजी ओळी, काहींना डच ओळी, काहींना कुठल्याच नाहीत. नंतर त्याच उच्चारातली नवी वाक्यं ऐकवली, तेव्हा इंग्रजी ओळी वाचलेल्यांना ती जास्त नीट ऐकू आली. आपल्या मातृभाषेत, डचमध्ये, ओळी वाचलेले मात्र ओळींशिवाय बघणाऱ्यांच्याही मागे पडले. ऐकायच्या भाषेतल्या ओळी कानाला मदत करतात, आपल्या भाषेतल्या ओळी त्याला बाजूला सारतात. ती मुलं इंग्रजीत मुरलेली होती हे मात्र ध्यानात ठेवायचं. जर्मनचे पहिले धडे चालू असतील तर सिनेमा सोडा, डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या संकेतस्थळावर शिकणाऱ्यांसाठी केलेले दोन-तीन मिनिटांचे मोफत भाग आहेत, संवाद लिहूनही मिळतात, ते घ्या.

म्हणून पहिला नियम असा केला: इंग्रजी-हिंदी ओळी फक्त गोष्ट कळण्यापुरत्या. एकदा सिनेमा तसा बघून घ्यायला हरकत नाही, उलट गोष्ट माहीत असली की नंतर ऐकायला सोपं जातं. पण ते मनोरंजन धरायचं, सरावाच्या वेळेत मोजायचं नाही.

मग बघा, ओळी आणि आवाज एकच बोलतात का

मी सांगितल्यावर तिने जर्मन आवाज आणि जर्मन ओळी लावल्या, आणि दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "ताई, हे लिवते एक आन बोलते दुसरंच." तिचं खरं होतं. तिने घेतलेला सिनेमा मुळात अमेरिकन होता, जर्मनमध्ये डब केलेला. डबिंगचा संवाद लिहिणारा माणूस पडद्यावरच्या ओठांची हालचाल सांभाळून वाक्य बसवतो. सबटायटल करणारा वेगळा असतो आणि तो मूळ इंग्रजीवरून, वाचायला किती सेकंद मिळतात ते बघून लिहितो. दोघांचा अर्थ एक, शब्द वेगळे. अशा सिनेमावर सराव केला की कान एक पकडतो, डोळा दुसरं सांगतो, आणि पोरीला वाटतं आपलाच कान खराब आहे.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. मधलाच कुठला तरी प्रसंग लावायचा, दहा ओळी घ्यायच्या, आणि ओळीतला शेवटचा शब्द आवाजात येतो का तेवढंच बघायचं. तीन-चार ठिकाणी चुकलं तर तो सिनेमा या कामाला नको. मुळात जर्मनमध्येच बनलेला सिनेमा किंवा मालिका घ्यावी, आणि यादीत `Deutsch` आणि `Deutsch [CC]` असे दोन पर्याय दिसले तर `CC` असलेला निवडावा. तो ऐकू न येणाऱ्यांसाठी केलेला असतो, त्यामुळे साधारणपणे बोललेल्या शब्दांच्या जास्त जवळ राहतो. त्यातही थोडी काटछाट असतेच, कारण माणूस बोलतो त्या वेगाने वाचता येत नाही. "अरे", "ना", "बरं का" अशा जागी येणारे छोटे शब्द आधी गळतात. जर्मन सार्वजनिक वाहिन्यांचे कार्यक्रम नेटवर असतात, पण त्यातले बरेच भारतातून उघडत नाहीत, त्यामागे रात्र घालवू नका.

एक छोटी गोष्ट आवाजाची. मोबाइलवर संगीत मोठं आणि बोलणं बारीक येत असेल तर आवाजाचा `5.1` पर्याय लागलेला असू शकतो. साधा स्टिरिओ घ्या आणि इअरफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर शब्दाच्या शेवटचे बारीक आवाज कुलरच्या घरघरीत बुडतात, आणि जर्मनमध्ये बराचसा अर्थ तिथेच असतो.

आता खरा बिघाड शोधायचा

आम्ही एकच प्रसंग घेतला, २ मिनिटं १० सेकंदांचा. स्वयंपाकघर, आई आणि मोठा मुलगा, भाड्यावरून आणि न केलेल्या फोनवरून बोलणं. मोजून ३१ ओळी. प्रसंग डाउनलोड करून घेतला, कारण एकच तुकडा पंधरा-वीस वेळा बघायचा तर रोजचा दीड जीबी त्यातच जाईल, आणि संध्याकाळी रेंज असेलच असं नाही.

तिला सांगितलं, ओळी बंद ठेवून दोनदा सलग ऐक, मग एकेक वाक्य थांबवून जे कानावर पडलं ते वहीत लिही. देवनागरीत लिहिलं तरी चालेल, स्पेलिंग बघायचं नाही. ३१ पैकी ९ वाक्यं पूर्ण आली. मग जर्मन ओळी लावल्या आणि फक्त वाचून किती समजतात ते बघितलं. २६ समजली.

हे दोन आकडे मिळाले की अर्धं निदान झालं. वाचूनही न समजलेली ५ वाक्यं ही कानाची चूक नाही. त्यात शब्दच नवे होते, जसं फेरमीटर म्हणजे घरमालक, नेबेनकोस्टन म्हणजे भाड्यावरचा पाणी-तापवणीचा वगैरे खर्च. ते वहीत लिहून पाठ करायचे, त्यासाठी पुन्हापुन्हा ऐकण्यात वेळ घालवायचा नाही. उरलेली १७ वाक्यं मात्र वाचताना समजतात आणि ऐकताना समजत नाहीत. आजार तो आहे. (वाचूनही पाचातली चारच्या खाली समजत असतील तर प्रसंग तुमच्यासाठी अवघड आहे, दुसरा घ्या. हा माझा अनुभवाचा अंदाज आहे, पण तो मला अजून फसला नाही.)

त्या १७ वर आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली, आणि ती घालवण्यासारखी आहे. पडद्यावर होतं "हास्ट डू शोन गेगेसेन", म्हणजे "जेवलास का?". तिच्या वहीत होतं "हास्टे शोन वास गेगेसेन". तिला वाटलं आपण चुकलो. मी तुकडा तिला परत ऐकवला. आई खरोखर "हास्टे" म्हणते! "हास्ट डू" बोलताना "हास्टे" होतं. आणि "वास" हा शब्दही ती बोलते, "काही खाल्लंस का" मधल्या "काही"सारखा, ओळीतून तो गाळलाय. म्हणजे पोरीचा कान बरोबर होता, पुस्तकातलं रूप तिच्या आड येत होतं. पुढे मुलगा म्हणतो "वासन लोस?". पुस्तकात ते "वास इस्ट डेन लोस", म्हणजे "काय झालं गं?". तसंच "हाबेन विर" चं "हामवा", "आइनेन" चं नुसतं "नेन", "निश्ट" चं "निश". १७ पैकी ११ वाक्यं अशा पाच-सहा जोडांवरच अडली होती. शब्द सगळे तिला येत होते, चिकटलेल्या रूपात कधी भेटले नव्हते.

तिला हे पटकन समजलं ते आपल्या बोलीमुळे. मी विचारलं, पुस्तकातून मराठी शिकलेला कोणी बाहेरचा माणूस आपल्या पारावर येऊन बसला आणि कोणी म्हणालं "काय करून रायला बे", तर त्याला समजेल का? त्याला "करत आहेस" माहीत आहे, "राहिला" माहीत आहे, "रायला" माहीत नाही. त्याला ते एकच लांबलचक अनोळखी शब्द वाटेल. ती हसली आणि म्हणाली, "हाव ताई, म्हंजे जर्मन लोकबी वऱ्हाडीच बोलते." शाळेतलं लिहिणं आणि चुलीपाशी बोलणं यात जो फरक आपल्याकडे आहे तोच त्यांच्याकडे आहे.

उरलेली ६ वाक्यं वेगळ्या कारणाने निसटत होती. ती लांब होती आणि क्रियापदाचा तुकडा शेवटी होता: "इश रूफे डिश मॉर्गन नाख डेअर आर्बाइट नोख माल आन". फोन करण्याचं क्रियापद "आनरूफेन", त्यातला "रूफे" सुरुवातीला आणि "आन" सगळ्यात शेवटी. शेवटचा "आन" येईपर्यंत पोरगी पुढचं वाक्य ऐकायला लागलेली असते. क्रियापद शेवटी येणं मराठी कानाला जड नाही, "वाइल" म्हणजे "कारण" ने सुरू होणारी जर्मन वाक्यं आपल्या पोरी लवकर पकडतात. तुटलेलं क्रियापद जड जातं. तिथे एकच उपाय लागू पडला: वाक्य संपलं की थांबवायचं आणि ओळी न बघता आपण ते अख्खं म्हणायचं, शेवटच्या तुकड्यासकट.

ओळी लावायच्या-काढायच्या कशा

एका प्रसंगाला तीन दिवस, रोज २०-२५ मिनिटं.

पहिला दिवस वर सांगितलेलाच: बंद ठेवून दोनदा, लिहून काढणं, जर्मन ओळी लावून चुका लाल पेनाने दुरुस्त करणं, आणि परत बंद करून दोनदा सलग. ओळी लावून शेवट करायचा नाही. डोळ्यांनी समजल्याचं समाधान घेऊन झोपलात तर कानाला दुरुस्ती पोचतच नाही. दुरुस्त वाक्य माहीत असताना ते नुसतं ऐकणं, शिकणं घडतं ते त्या पाच मिनिटांत.

दुसऱ्या दिवशीची युक्ती मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली आहे. ओळी लावलेल्या आणि काढलेल्या यांच्या मधली एक पायरी आहे: ओळी उशिरा येऊ द्यायच्या. वाक्य आधी ऐकू येतं, दीड सेकंदाने खाली लिहिलेलं दिसतं. कानाला पहिली संधी मिळते आणि डोळा फक्त तपासतो. व्हीएलसी हे मोफत प्लेअर आहे. विंडोजच्या संगणकावर त्यात `H` दाबलं की ओळी ५० मिलिसेकंद उशिरा सरकतात, `G` दाबलं की अलीकडे येतात. दीड सेकंदासाठी `H` तीस वेळा. मोबाइलवरच्या व्हीएलसीतही सबटायटलचा उशीर कमी-जास्त करायची सोय आहे. दोन सेकंदांपेक्षा जास्त नेऊ नका. भराभर बोलणाऱ्या प्रसंगात ओळ पुढच्या माणसाच्या तोंडी जाऊन बसते आणि गोंधळ होतो. हेच उलटंही तपासून घ्या: ओळ आवाजाच्या आधी दिसत असेल तर तुम्ही उत्तर वाचून प्रश्न ऐकताय. आधी `H` ने ती जागेवर आणा.

ही सोय ओटीटीच्या अॅपमध्ये सहसा नसते. तिथे आम्ही कागदाची पट्टी वापरली. वहीचा कागद दुमडून मोबाइलच्या खालच्या भागावर रबराने बसवायचा, वाक्य ऐकायचं, अडलं तर पट्टी उचलून बघायचं. ओळी व्हिडिओतच छापलेल्या असतील, म्हणजे बंदच होत नसतील, तर हाच एक मार्ग. आणि पुढचा भाग सुरू झाला की ओळी कधी कधी आपोआप परत लागतात, तेव्हाही पट्टी असलेली बरी.

तिसऱ्या दिवशी ओळी पूर्ण बंद. एकदा बघत, मग मोबाइल खिशात टाकून नुसता आवाज. ती हे तुरीच्या शेंगा सोलताना करायची. चित्र गेलं की कळतं, आपण किती गोष्टी चेहऱ्यावरून ओळखत होतो. जे वाक्य इथेही समजतं ते पक्कं.

रविवारी अख्खा सिनेमा, मोकळेपणाने. पहिली २० मिनिटं जर्मन ओळी लावून, कारण तिथे नावं, नाती आणि माणसांचे आवाज नवे असतात. मग बंद. एखादं वाक्य निसटलं तर निसटू द्यायचं, प्रत्येक वाक्याला मागे गेलं की सिनेमाही जातो आणि सरावही. पण पाचेक मिनिटं गोष्टीचा धागाच सापडत नसेल तर ओळी लावायच्या, धागा हाती आला की प्रसंग बदलताना काढायच्या. थकवा आला की लावून ठेवल्या तरी चालेल, फक्त जर्मनच.

सुधारणा झाली का, हे कशावर मोजायचं

इथे तिची एक फसगत झाली. पाचव्या दिवशी तिने तोच स्वयंपाकघराचा प्रसंग ऐकला, ३१ पैकी २८ वाक्यं आली, आणि आनंदाने मला फोन केला. मी दुसऱ्या प्रसंगावर बघ म्हटलं. नवा प्रसंग, ३० वाक्यं, आली १२. ती परत हिरमुसली. पहिल्या प्रसंगातली २८ वाक्यं तिला ऐकूही येत होती आणि पाठही होती, दोन्ही मिसळलेलं होतं. मोजायचं असेल तर न बघितलेल्या प्रसंगावर, ओळी बंद ठेवून, पहिल्या दोन ऐकण्यांत. तसं मोजलं तर आधी तिसातली नऊच्या आसपास येत होती ती आता बारा झाली होती, म्हणजे वाढ होती, फक्त तिला हवी तेवढी नव्हती. सात आठवड्यांनी तिसरा नवा प्रसंग दिला, ३३ वाक्यं, २१ आली. त्यात "हास्टे" आणि "वासन" असलेलं एकही वाक्य चुकलं नव्हतं. चुका आता वेगळ्या होत्या, बव्हेरियाच्या बोलीत बोलणाऱ्या एका आजोबांच्या. त्या बोलीची काळजी बी-वनला करायची नाही, असं मी तिला सांगितलं.

तीन आठवडे झाले तरी नव्या प्रसंगावरचा आकडा हलत नसेल तर वही उघडून लाल पेनाच्या खुणा बघा. त्याच त्या जोडांवर खुणा असतील तर पहिल्या दिवशीचं शेवटचं, ओळी बंद करून परत ऐकण्याचं काम सुटतंय. खुणा नव्या शब्दांवर असतील तर सिनेमा महिनाभर बाजूला ठेवून शब्दसंग्रह वाढवा.

परीक्षेपुरतं एक. ही परीक्षा घेणाऱ्या गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी-वनमध्ये ऐकण्याचे चार भाग असतात, साधारण ४० मिनिटांचे. पहिला आणि चौथा दोनदा ऐकवतात, दुसरा आणि तिसरा एकदाच. पास व्हायला १०० पैकी ६० लागतात. सिनेमाच्या सरावात आपण तेच वाक्य दहा वेळा ऐकतो, परीक्षेत ती मुभा नाही. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आम्ही सिनेमा फक्त रविवारी ठेवला. बाकीचे दिवस नमुना प्रश्नपत्रिकेच्या ऑडिओवर, एकदाच ऐकून, थांबवायचं नाही, अशा बेताने घालवले. तिथे ओळी नसतात आणि चेहरेही नसतात, तिसऱ्या दिवसाची नुसत्या आवाजाची सवय तिच्या कामी आली.

परीक्षेच्या आदल्या रात्री गावात लाइट नव्हती. ती मोबाइलच्या उरलेल्या बॅटरीवर तो पहिलाच स्वयंपाकघराचा प्रसंग, ओळी बंद ठेवून, मावशीला ऐकवत बसली होती. मावशीला जर्मनचा गंध नाही. पोरगी एकेक वाक्य थांबवून तिला वऱ्हाडीत सांगत होती, "हे माय पोराले इचारून रायली, जेवला काय."